मराठी टायपिंगचा वेग २२ वरच अडकलाय? एकदा बॅकस्पेस न वापरता टाइप करून पाहा

नोकरीसाठी घरीच मराठी टायपिंग शिकणाऱ्या मुलामुलींकडून एक तक्रार वारंवार ऐकायला येते. पहिल्या महिन्यात वेग भराभर वाढतो, वीसबावीस शब्दांवर येतो आणि तिथेच थांबतो. रोज तास दीड तास सराव होतो, बोटं दुखतात, पण आकडा हलत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीचे मिनिटाला ३० शब्द लागतात, आणि मधले आठ शब्द कुठे अडकलेत ते समजत नाही.

माझ्या भाचीचं नेमकं हेच झालं होतं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळतो. मराठी टायपिंग आधी टाइपरायटरवर शिकलो आणि नंतर संगणकावर इनस्क्रिप्ट पद्धतीने. भाची एके दिवशी लॅपटॉप घेऊनच आली आणि म्हणाली, "मामा, माझी बोटंच हळू आहेत. आता काही होत नाही." तिची बोटं हळू नव्हती. वेग कुठे सांडत होता ते आम्ही कसं शोधलं, ते इथे सगळं लिहितो. हे इनस्क्रिप्टबद्दल आहे. तुमच्या जाहिरातीत दुसरा कीबोर्ड मागितला असेल तर खालच्या कळा तुमच्या कामाच्या नाहीत, चुका शोधण्याची रीत मात्र चालेल.

आधी एक खात्री करून घ्या. विंडोजमध्ये मराठी भाषा घेतली की `Marathi` आणि `Marathi Phonetic` असे दोन कीबोर्ड यादीत असू शकतात. दोघांचं नाव जवळजवळ सारखं असल्यामुळे काही जण दोन दोन आठवडे भलत्याच कीबोर्डवर सराव करत राहतात. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून कीबोर्ड बदलतो. मराठीवर आल्यावर या सात कळा याच क्रमाने दाबा:

```
manehtj
```

पडद्यावर "सोलापूर" उमटलं तर तुम्ही इनस्क्रिप्टवर आहात. दुसरंच काही उमटलं तर कीबोर्ड बदला आणि पुन्हा दाबा. याच शब्दात इनस्क्रिप्टची सगळी रचना दिसते. स, ल, प, र ही व्यंजनं उजव्या हाताला आहेत आणि ो, ा, ू या मात्रा डाव्या हाताला. त्यामुळे "सोलापूर" टाइप करताना उजवा, डावा, उजवा, डावा असे हात आळीपाळीने चालतात आणि एकाही बोटाला घाई होत नाही. मराठीतले बरेच शब्द असे चालतात. जे चालत नाहीत तिथे वेग अडतो. ते पुढे येईलच.

चुकांचा कागद

भाचीला दहा मिनिटांचा एक उतारा दिला. आधी तिच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे चूक झाली की मागे जाऊन दुरुस्त करत. वेग आला २२. मग तोच उतारा पुन्हा दिला आणि अट घातली की बॅकस्पेसला हात लावायचा नाही. चुकलं तर चुकू दे, पुढचा शब्द घ्यायचा. या वेळी चुकांसकट वेग आला २८.

ती थक्क झाली. पण हिशेब सोपा आहे. टंकलेखनात पाच ठोके म्हणजे एक शब्द ही जुनी मोजणी. २२ शब्द म्हणजे मिनिटाला ११० ठोके, २८ म्हणजे १४०. दहा मिनिटांत तीनशे ठोक्यांचा फरक. दुसऱ्या कागदावर तिच्या ३७ चुका होत्या. एका चुकीला सरासरी आठ ठोके वाया जातात असं धरा: चारेक वेळा मागे जायचं आणि तेवढंच पुन्हा टाइप करायचं. ३७ गुणिले ८ म्हणजे २९६. तिचे सहा शब्द दुरुस्तीतच खर्च होत होते. खऱ्या वेगाची कमतरता फक्त दोन शब्दांची होती, आणि ती दूर करायला रोजचा सराव पुरेसा होता.

म्हणून वेग अडकला की आधी हे करा. एकदाच, दहा मिनिटं, बॅकस्पेसशिवाय. एका मिनिटाची चाचणी घेऊ नका. एका मिनिटात माणूस दम धरून टाइप करतो आणि त्याच्या नेहमीच्या चुका दिसत नाहीत. मग कागद छापून घ्या किंवा वहीत उतरवा, आणि चुकलेला शब्द जसा उमटला तसाच लिहा. "परिषद चुकलं" असं लिहून उपयोग नाही. "पिरषद" असं लिहायचं. चूक कशी उमटली यावरूनच ती का झाली ते कळतं.

तिच्या ३७ चुकांपैकी १४ क्रमाच्या होत्या, १२ शिफ्टच्या, ७ एकाच बोटाच्या, आणि उरलेल्या चार किरकोळ. तिन्ही जातींवरचा उपाय निराळा आहे. सगळ्यांवर एकच "आणखी सराव" हा उपाय केला, की चुकीची सवयच घट्ट होते.

क्रमाच्या चुका: डोळ्याला दिसतं तसं टाइप करणं

भाचीने आधी एका टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टन पद्धत शिकली होती. ती टाइपरायटरची पद्धत आहे. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी ठोकायचं. म्हणून "कि" लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, आणि रफार सगळ्यात शेवटी, अक्षर आणि त्याची मात्रा झाल्यावर. इनस्क्रिप्ट याच्या उलट आहे. तिथे उच्चारात जे आधी येतं ते आधी टाइप करायचं. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं आणि रफार डोक्यावर चढवणं संगणक स्वतः करतो. ज्यांनी रेमिंग्टन कधी पाहिलेलंच नाही त्यांच्याही हातून या चुका होतात, कारण उतारा समोर ठेवून टाइप करताना डोळा अक्षरांचा आकार वाचतो आणि हात त्या आकारामागे जातो.

वेलांटीची चूक दोन रूपांत दिसते. "दिनांक" टाइप करताना वेलांटी आधी दाबली तर "िदनांक" उमटतं आणि वेलांटीजवळ ठिपक्यांचं एक वर्तुळ येतं. हे वर्तुळ म्हणजे संगणक सांगतोय की मात्रेला टेकायला अक्षर नाही. ही चूक लगेच दिसते. खरी फसवी चूक आहे ती "परिषद"ची. प झाला, मग घाईत वेलांटी, मग र: उमटतं "पिरषद". वर्तुळ येत नाही, कारण वेलांटीला प मिळाला आणि ती त्याला चिकटली. शब्द नीटनेटका दिसतो आणि अर्जातून तसाच पुढे जातो. सोलापूर जिल्हा परिषदेत अर्ज पाठवायचा आणि वर "पिरषद" लिहायचं, हे किती वाईट दिसेल ते सांगायला नको.

बरोबर क्रम असा:

```
परिषद     h  j  f  Shift+,  o
कार्यालय   k  e  j  d  /  e  n  /
```

दुसरा शब्द मुद्दाम दिला. "कार्यालय"मधला रफार डोळ्याला "या"च्या डोक्यावर दिसतो, म्हणून हात आधी "या" टाइप करतो आणि नंतर र आणि हलन्त. ते रफार होऊन पुढच्या ल वर जाऊन बसतं आणि "कायार्लय" उमटतं. हा शब्द मी पाट्यांवर, पत्रिकांवर, नोटिसांवर इतक्या वेळा पाहिलाय की आता लांबूनच ओळखू येतो. "बार्शी"चं याच चुकीने "बाशीर्" होतं. कळांच्या क्रमात पाहा: र म्हणजे `j`, हलन्त म्हणजे `d`, आणि मगच य. रफार नावाची वेगळी गोष्ट मनातून काढूनच टाका. तोंडाने "कार्" म्हणा, मग "या", मग "लय". जिभेला जो क्रम माहीत आहे तोच हाताचा क्रम.

यावर मी भाचीला एकच काम दिलं. आठवडाभर टाइप करताना प्रत्येक अक्षर तोंडाने मोठ्याने म्हणायचं. प, रि, ष, द. "रि" म्हणताना र आधी येतो हे कानाला कळतं, आणि हात डोळ्यामागे जायचं सोडून कानामागे जायला लागतो. पहिले तीन दिवस तिचा वेग २० वर आला आणि ती घाबरली. तो येणारच. तेवढा सोसावा लागतो.

सरावाला आपल्याच जिल्ह्याची नावं घ्या, पुस्तकातले निरर्थक शब्द नकोत: बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, माळशिरस, मोहोळ, माढा. यात रफार आहे, क्क आहे, वेलांटी आहे, ळ आहे, अनुस्वार आहे. नोकरी लागली तर हीच नावं रोज टाइप करायची आहेत.

रच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, कारण तिच्यावर हमखास गुण जातात. "कर्मचाऱ्यांना", "शेतकऱ्यांना", "अधिकाऱ्यांनी" यांतला र रफार होत नाही. तो आडव्या कोयत्यासारखा शेजारी बसतो. साधा र घेतला तर "कर्मचार्यांना" होतं आणि ते चूक आहे. इथे `j` शिफ्टसकट दाबायचा, म्हणजे ऱ येतो, मग हलन्त, मग य. एकाच शब्दात दोन्ही र येतात म्हणून "कर्मचाऱ्यांना" हा एक शब्द रोज वीस वेळा टाइप करा:

```
k j d c ; e Shift+j d / e x v e
```

शिफ्टवरच्या आकड्यांच्या कळांत काही तयार जोडाक्षरं आहेत. शिफ्ट आणि `4` ने र् येतो, `3` ने खालचा रकार, `6` ने त्र, `7` ने क्ष, `5` ने ज्ञ. माझं मत विचाराल तर यातला फक्त ज्ञ पाठ करा, कारण ज, हलन्त आणि शिफ्टवरचा ञ ही वाट फार लांबची आहे. बाकी सगळी हलन्ताने करा. आकड्यांच्या ओळीपर्यंत हात नेला की बोटं `f` आणि `j` वरून सुटतात, आणि परत येताना एक कळ डावीउजवीकडे पडतात. मग पुढचा अख्खा शब्द चुकतो.

शिफ्टच्या चुका: "आणि" हा एक शब्द सगळं सांगतो

मराठीत "आणि" न येणारा परिच्छेद क्वचितच सापडेल, आणि इनस्क्रिप्टमध्ये हाच शब्द अवघड आहे. आ म्हणजे शिफ्ट आणि `e`. ण म्हणजे शिफ्ट आणि `c`. वेलांटी म्हणजे `f`, शिफ्टशिवाय. `e` आणि `c` दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या कळा आहेत, एक वरच्या ओळीत आणि एक खालच्या. म्हणजे एकाच बोटाने दोन ओळींची उडी मारायची आणि त्या वेळी शिफ्ट धरून ठेवायची.

भाचीच्या कागदावर "आणि" तीन वेगवेगळ्या पद्धतीने चुकला होता आणि प्रत्येक चूक वेगळी गोष्ट सांगत होती. "आमि" उमटलं तर शिफ्ट लवकर सुटली. शिफ्टशिवाय `c` म्हणजे म. "आणइ" उमटलं तर शिफ्ट उशिरा सुटली. शिफ्टसकट `f` म्हणजे इ. आणि "ाणि" उमटलं, सुरुवातीला नुसताच काना लोंबकळत, तर शिफ्ट मुळातच उशिरा दाबली गेली. तुमच्या वहीत यांपैकी कोणतं रूप जास्त आहे ते मोजा. तिच्या वहीत "आणइ" सर्वात जास्त होतं.

कारण शोधायला मी तिच्या हातांकडे पाहत बसलो. ती शिफ्ट डाव्या हाताच्या करंगळीने दाबत होती. म्हणजे डाव्या करंगळीने शिफ्ट दाबायची आणि त्याच हाताच्या मधल्या बोटाने `e` वरून `c` वर जायचं. पंजा आवळला जातो आणि करंगळी वेळेवर सुटत नाही. नियम असा आहे की कळ ज्या हाताची, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताची. आ, ण, अ, इ, उ या डाव्या हाताच्या कळा आहेत, त्यांना उजवी शिफ्ट. ख, थ, ध, भ, श, ळ, ष या उजव्या हाताच्या, त्यांना डावी शिफ्ट. हा नियम बहुतेकांना माहीत असतो, पण इंग्रजी टाइप करताना मोठं अक्षर क्वचित लागतं म्हणून मोडला तरी चालून जातो. मराठीत ओळीतून चार-पाच वेळा शिफ्ट लागते. इथे मोडलेला नियम प्रत्येक ओळीत वेग खातो.

"आणि"साठी असं करा. उजवी शिफ्ट धरा, `e`, `c`, शिफ्ट सोडा, आणि सोडल्यावरच `f`. सुरुवातीला "धर, आ, ण, सोड, वेलांटी" असं मनात म्हणत अगदी सावकाश करा. वेग आपोआप येतो. काही लॅपटॉपवर उजवी शिफ्ट आखूड असते आणि करंगळी शेजारच्या कळेवर पडते. तसं असेल तर सरावापुरता बाहेरचा साधा कीबोर्ड जोडा. परीक्षेला आणि ऑफिसात बहुधा तसलाच समोर येणार आहे.

शिफ्ट उशिरा सुटल्याच्या आणखी दोन खुणा ओळखून ठेवा. "आहे"च्या ऐवजी "आङे" दिसलं तर तेच झालंय, कारण शिफ्टसकट `u` म्हणजे ङ. आणि "अर्ज"मध्ये अ नंतर शिफ्ट रेंगाळली तर र च्या जागी ऱ येतो आणि "अऱ्ज" उमटतं. हे वाचताना सहज नजरेतून सुटतं. अर्ज हा शब्द तर नोकरी शोधणाऱ्याच्या प्रत्येक कागदावर असतो, म्हणून तो छापण्याआधी पडद्यावर मोठा करून एकदा पाहा.

एका बोटाच्या चुका: नवीन, निविदा, विनंती

हा भाग सरावाच्या पुस्तकांत मला कुठे दिसला नाही, पण ऑफिसच्या मराठीत तोच सर्वात जास्त त्रास देतो. वर म्हटलं की व्यंजनं उजव्या हाताला आणि मात्रा डाव्या. याला तीन मोठे अपवाद आहेत: म, न आणि व. ही तीन व्यंजनं खालच्या ओळीत `c`, `v`, `b` वर, म्हणजे डाव्या हाताला आहेत. अनुस्वारही तिथेच, `x` वर. आता ही पाहा:

```
नवीन     v b r v
निविदा   v f b f o e
विनंती    b f v x l r
```

"नवीन"च्या चारही कळा डाव्या तर्जनीच्या आहेत. "निविदा"च्या पहिल्या चार तिच्याच. उजवा हात नुसता बसून आहे. "सोलापूर" टाइप करताना जो वेग लागलेला असतो त्याच वेगाने "नवीन"वर आलात, की एकच बोट चार उड्या मारू शकत नाही आणि शेजारची कळ दाबली जाते. उमटतं "नवून", कारण `r` च्या शेजारी `t` आहे, किंवा "ववीन". कागदावर असे शब्द दिसले आणि त्यांत न, व, पहिली-दुसरी वेलांटी, उकार असतील, तर ती चूक डाव्या तर्जनीची आहे. नियुक्ती, निवेदन, निवड, विवरण, वेतन: ऑफिसचा शब्दसंग्रह याच अक्षरांनी भरलेला आहे.

मला एक तोड सुचली होती. `b` ही कळ `f` पासून जितकी दूर, तितकीच `j` पासून. मग व उजव्या तर्जनीला का देऊ नये? भाचीने चार दिवस करून पाहिलं. "नवीन" आणि "निविदा" खरंच सुटले, पण "परवा" अडकला, कारण प, र आणि व तिन्ही उजव्या तर्जनीवर आले. "वर" आणि "सर्व" यांचंही तेच झालं. उजव्या तर्जनीकडे आधीच प, र, ह, ब, ल, स आहेत. आम्ही व परत डावीकडे नेला. तुम्हीही डावीकडेच ठेवा, आणि मुख्य म्हणजे कधी या बोटाने, कधी त्या, असं करू नका.

उपाय दोन आहेत. पहिला मनगटाचा. ज्यांचं मनगट टेबलावर टेकलेलं असतं त्यांची तर्जनी `v` वरून `r` वर जाताना ताणली जाते आणि `t` किंवा `f` वर पडते. मनगट कीबोर्डच्या वर अधांतरी ठेवलं तर बोट ताणावं लागत नाही, अख्खा हात किंचित पुढे सरकतो. भाची पलंगावर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन सराव करायची. तिथे मनगट उचलणं शक्यच नव्हतं. खुर्ची आणि टेबलावर आल्यावर या सात चुकांतल्या चार पहिल्याच आठवड्यात गेल्या.

दुसरा उपाय चालीचा. असे शब्द ओळखायचे आणि तिथे मुद्दाम हळू व्हायचं. गाडी वळणावर हळू घेतो तसं. उतारा वाचताना डोळा हातापेक्षा एक शब्द पुढे असतो; पुढे "निविदा" दिसला की आधीच सावकाश व्हायचं. एकसारख्या चालीने टाइप करण्याचा नियम "सोलापूर"सारख्या शब्दांना लागू आहे, "नवीन"ला नाही. "नवीन"ला अर्धा सेकंद जास्त गेला तर तेवढाच जातो. तो चुकला तर दुरुस्तीत त्याच्या कितीतरी पट जातो.

सराव कसा बसवला

रोज एक तास, त्याचे तीन तुकडे. पहिली वीस मिनिटं कालच्या कागदावरचे चुकलेले शब्द, प्रत्येक वीस वेळा, तोंडाने म्हणत. मग वीस मिनिटं एखादं खरं पत्र: अर्ज, नोटीस, रजेचा अर्ज, बैठकीचं इतिवृत्त. शेवटी दहा मिनिटांची चाचणी बॅकस्पेसशिवाय, आणि उरलेल्या दहा मिनिटांत कागदावर खुणा करून चुका तीन रकान्यांत मांडणं. हा शेवटचा भाग कंटाळवाणा आहे आणि लोक तोच गाळतात. तो गाळला तर बाकीच्या पन्नास मिनिटांत काय घोटायचं ते कळणार नाही.

भाचीच्या कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते. ते दुसऱ्या आठवड्यात काढायला लावले. अक्षर पाठ होऊनही नजर सवयीने खाली जात होती आणि परत वर आल्यावर उताऱ्यातली ओळ हरवत होती. कीबोर्डचा छापील तक्ता भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. `f` आणि `j` वरच्या उंचवट्यांवर, म्हणजे पहिली वेलांटी आणि र यांवर, बोटं ठेवायची आणि अडलं तर मान वर करून पाहायचं.

तिच्याबरोबर सोलापूरच्या पूर्व भागातली तिची मैत्रीण बसायची. तिच्या घरी तेलुगू बोलतात. तिला मी एक गोष्ट दाखवली आणि तिचा उत्साह दुप्पट झाला: इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांसाठी अक्षरांच्या जागा सारख्याच ठेवल्या आहेत. `k` वर मराठीत क, तेलुगू घेतली तर तिथे तेलुगूचा क, कन्नड घेतली तर कन्नडचा. आपल्या गावात तिन्ही भाषांची पत्रं येतात. मराठीसाठी शिकलेल्या बोटांना बाकी दोन लिप्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही.

एकोणीस दिवसांनी भाचीने पुन्हा पहिलाच उतारा घेतला, या वेळी चुका दुरुस्त करत. वेग आला २९. बॅकस्पेसशिवायच्या कागदावर चुका ३७ वरून ९ वर आल्या होत्या. क्रमाची चूक एकच उरली होती, शिफ्टच्या तीन, तर्जनीच्या तीन. महिन्याभरात ती ३१ वर गेली.

किरकोळ दोन राहिल्या. त्यांतली एक तुमच्याही कागदावर असेल म्हणून सांगतो. "विषय" लिहून पुढे अपूर्णविरामाची दोन टिंबं हवी असतात, पण ती कळ दाबली तर छ येतो. मग बरेच जण विसर्ग टाकतात आणि "विषयः" होतं. विसर्ग म्हणजे अपूर्णविराम नव्हे. विंडोजची कळ आणि स्पेसने इंग्रजीवर जा, टिंबं द्या, परत या. भाचीला हे करताना परत यायचा विसर पडतो आणि पुढचा शब्द इंग्रजी अक्षरांत उमटतो. सध्या तिच्या वहीच्या पहिल्या पानावर फक्त एवढंच लिहिलेलं आहे: "विषय, बदल, टिंब, बदल."